अ‍ॅक्टिन अर्धी सायकल सरकलं, व्हायवात काय सांगू?

*मॅडम, मी एम.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. व्हायवा बारा दिवसांवर आली आहे. पनवेल-3 या भाताच्या चौदा दिवसांच्या रोपांना 24 तास 150 मिलिमोलर मिठाच्या द्रावणात ठेवलं, पानांतून आरएनए काढला आणि क्यूपीसीआरने एनएचएक्स1 या जीनचं एक्स्प्रेशन बघितलं. चारपट वाढ आली. पण ताण दिलेल्या रोपांत अ‍ॅक्टिनचा सीटी 18 वरून 18.5 वर गेलाय. गाईड म्हणतात, 'तो विषय तू काढूच नकोस.' नो-आरटी कंट्रोल तर मी लावलाच नव्हता. एक्स्टर्नल काय काय विचारतील आणि त्याची उत्तरं काय द्यायची, एवढी यादी द्याल का? मी पाठ करीन. सीटीचा तक्ता सोबत जोडला आहे.*
*– काळजीत पडलेली*

तुझा तक्ता दोनदा वाचला. काम नीट केलेलं आहे. प्रश्न आणि उत्तरं देते, पण पाठ करायला नाही. एक्स्टर्नल म्हणून मी बऱ्याच व्हायवांना बसले आहे, तेव्हा आतली गोष्ट सांगते. आम्ही थिसिस पहिल्या पानापासून वाचत नाही. निकालांचं प्रकरण उघडतो, तक्त्यावरून बोट फिरवतो आणि जिथे आकडा अडखळतो तिथे पेन्सिलने खूण करतो. प्रश्न त्या खुणेतून निघतो. तुझ्या तक्त्यात ती खूण 18.5 वर पडणार. तू विषय काढला नाहीस तरी तो आमच्या पेन्सिलीने निघेलच. गाईडचा हेतू तुला वाचवण्याचा आहे हे मला समजतं, पण इथे त्यांचा अंदाज चुकतोय.

सुरुवात मात्र सोप्या प्रश्नाने होईल. 'सीटी म्हणजे काय, आणि तो कमी झाला तर एक्स्प्रेशन वाढलं असं का म्हणायचं?' व्याख्या सगळ्यांना येते, दुसऱ्या अर्ध्यावर मुलं गडबडतात. तू असं सांग: 'सर, दर सायकलला प्रॉडक्ट साधारण दुप्पट होतं. सुरुवातीला नमुन्यात जास्त कॉपी असतील तर फ्लुरोसन्स थ्रेशोल्डला लवकर पोचतो, म्हणून सीटी लहान येतो. एक सायकल आधी म्हणजे साधारण दुप्पट माल.' एवढं पुरे. इथे एक सापळा असतो. ते विचारतील, 'म्हणजे कंट्रोलमध्ये अ‍ॅक्टिन 18 आणि एनएचएक्स1 26, तर अ‍ॅक्टिन 256 पट जास्त आहे ना?' हो म्हणू नकोस. दोन वेगळ्या जीन्सचे प्रायमर वेगळे, प्रॉडक्टची लांबी वेगळी आणि एफिशियन्सीही वेगळी, म्हणून त्यांचे सीटी असे थेट ताडून बघता येत नाहीत. एकच जीन दोन नमुन्यांत बघायचा, तुलना तेवढीच.

आता खुणेकडे येऊ. तुझे सरासरी आकडे असे आहेत:

```
            NHX1    Actin    ΔCt
Control     26.0    18.0     8.0
Salt        24.5    18.5     6.0

ΔΔCt = 6.0 − 8.0 = −2.0
2^−ΔΔCt = 2^2 = 4
```

'अ‍ॅक्टिन हा रेफरन्स जीन आहे, मग तो हलला कसा?' हा तुझ्या व्हायवाचा मुख्य प्रश्न आहे. 'पिपेटिंग एरर' हे उत्तर तोंडाशी येईल, ते गिळून टाक. तीन वेगवेगळ्या रोपांत एकाच दिशेला झालेली चूक हाताची नसते.

अर्धी सायकल म्हणजे किती? 2 चा अर्धा घात, म्हणजे 1.4 पट. ताण दिलेल्या नमुन्यात अ‍ॅक्टिनचा संदेश 1.4 पट कमी दिसतोय. याची मुख्य कारणं दोन असू शकतात. पहिलं, त्या नमुन्यांत एकूण सीडीएनएच कमी तयार झाला. आरएनए प्रत्येकी 1 मायक्रोग्रॅम घेतला असला तरी मिठाच्या पानांतून आलेला आरएनए थोडा अशुद्ध असेल तर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन कमी होतं. असं झालं असेल तर अ‍ॅक्टिनने आपलं काम चोख केलंय: नमुन्यातली तूट दाखवली, आपण ती वजा केली, आणि चारपट हा आकडा बरोबर. दुसरं कारण, सीडीएनए सारखाच आहे, पण मिठामुळे रोपानेच अ‍ॅक्टिन कमी केलं. तसं असेल तर आपली मोजपट्टीच आखडली आणि एनएचएक्स1 आहे त्यापेक्षा उंच दिसला. मग खरी वाढ दीड सायकलची, म्हणजे 2.8 पट.

आहे त्या तक्त्यावरून यातलं कुठलं खरं हे कळत नाही. पण शोधायला बारा दिवस भरपूर आहेत. तुझा सीडीएनए अजून उणे 20 ला असेलच. त्यावर आणखी एक रेफरन्स जीन चालव. भातात युबिक्विटिन-5 किंवा ईएफ-1-अल्फा बरेच जण वापरतात, शेजारच्या लॅबमध्ये प्रायमर सहज मिळेल. त्यातला कुठलाही घे, अट एकच: त्याचं काम अ‍ॅक्टिनपेक्षा वेगळं असावं, म्हणजे दोघे एकाच कारणाने हलण्याची शक्यता कमी. नवा जीनसुद्धा अर्धी सायकल मागे गेला तर तूट सीडीएनएची होती आणि चारपट टिकली. तो जागचा हलला नाही, समज 20.0 वरून 20.1 वर आला, तर डेल्टा सीटीतला फरक 2.0 ऐवजी 1.6 होतो आणि वाढ साधारण तीनपट येते. दोन्हींतलं काहीही निघालं तरी एनएचएक्स1 वाढलंय, हा तुझा निष्कर्ष पडत नाही. बदलतो तो फक्त पट. अर्धी सायकल लपवायची तुला एवढी घाई का, ते मला म्हणूनच समजलं नाही.

रन झाल्यावर उत्तर असं: 'सर, अ‍ॅक्टिन ताणात अर्धी सायकल सरकलं होतं. ते सीडीएनएच्या प्रमाणामुळे की मिठाच्या परिणामामुळे, हे बघायला मी त्याच सीडीएनएवर युबिक्विटिन चालवलं. दोन्ही रेफरन्सने आलेले आकडे तक्त्यात शेजारी-शेजारी दिले आहेत. दिशा दोन्हींत तीच आहे.' रन जमलाच नाही, तर: 'सर, एकाच रेफरन्सवर मी हे ठरवू शकत नाही. अ‍ॅक्टिन स्थिर धरलं तर वाढ चारपट, आणि सीडीएनए सगळीकडे सारखा धरला तर 2.8 पट. म्हणून वाढ आहे हे मी ठामपणे सांगते, नेमकी किती ते नाही.' असं उत्तर ऐकल्यावर मी तरी पुढचं पान उलटलं असतं. गाईडशी बोलताना 'तुम्ही चुकलात' असा सूर नको. 'सर, एक्स्टर्नलनी विचारलंच तर हातात असावं म्हणून एक जीन चालवते' असं म्हण, परवानगी मिळेल.

यालाच लागून पुढचा प्रश्न. '2^−ΔΔCt ही कोणाची पद्धत, आणि ती कधी चालत नाही?' लिवाक आणि श्मिटगेन, 2001. ही पद्धत दोन्ही जीन्सची एफिशियन्सी जवळपास 100 टक्के धरून चालते. स्टँडर्ड कर्व्हचा उतार उणे 3.32 आला तर एफिशियन्सी 100 टक्के. तुझ्या परिशिष्टात एनएचएक्स1 चा उतार उणे 3.58 दिसतोय, म्हणजे 90 टक्के. हे चालण्यासारख्या मर्यादेच्या काठावर आहे, आणि काठावरचा आकडा दिसला की आम्ही विचारतोच. हिशोब आधीच करून ठेव. त्याच वर्षी फाफल यांनी दिलेल्या सूत्रात एनएचएक्स1 साठी दर सायकलला 2 च्या जागी 1.9 घालायचे:

```
(1.9)^1.5 / (2.0)^−0.5 = 2.62 / 0.71 = 3.7
```

चारच्या जागी 3.7. 'सर, एफिशियन्सी धरून पट 3.7 येते, फरक थोडा आहे' एवढं म्हणालीस की विषय मिटला. हे गणित फळ्यावर करायला लावतात, हातात खडू घेऊन एकदा करून बघ.

'तुझा एन किती?' या तीन शब्दांच्या प्रश्नाने मी भलीभली मुलं घसरताना पाहिली आहेत. तू थिसिसमध्ये 'एन = 9' लिहिलंयस. तीन रोपं, प्रत्येकाच्या सीडीएनएच्या तीन वेल, म्हणून नऊ. हे चूक आहे, आणि ते छापलं गेलं असलं तरी व्हायवात दुरुस्त करता येतं. एकाच रोपाच्या तीन वेल सारख्या आल्या तर तुझा हात स्थिर आहे एवढंच कळतं, दुसरं रोप कसं वागेल ते नाही. डाळ शिजली का हे बघायला एकाच चमच्यातले तीन दाणे चेपण्यासारखं आहे ते. तीन वेलींची आधी सरासरी काढायची आणि एन तीनच धरायचा.

तुझे रोपवार डेल्टा सीटी घेऊन मी गणित करून बघितलं. कंट्रोल 7.8, 8.3, 7.9 आणि ताण 5.9, 6.4, 5.7. टी येतो साधारण 7.7, चार डिग्रीज ऑफ फ्रीडमला 5 टक्क्यांची मर्यादा 2.78 आहे. म्हणजे एन तीन धरूनही तुझा फरक ठळकपणे टिकतो. टी-टेस्ट मात्र डेल्टा सीटीवरच करायची, पटीच्या आकड्यांवर नाही. पट ही घातातून आलेली असल्यामुळे तिचं वितरण एका बाजूला ताणलेलं असतं.

इथेच एक जोडप्रश्न येतो: 'मग चारपट म्हणजे नक्की चारपट?' दोन सायकलच्या फरकाभोवती 95 टक्क्यांचा पट्टा काढला तर तो 1.28 ते 2.72 सायकल येतो. पटीत सांगायचं तर अडीच ते साडेसहा. तुझ्या आलेखावर चारचा खांब उभा आहे आणि त्यावर इवलीशी एरर बार. ती नऊ वेलींवरून काढलेली आहे, म्हणून इवली. सुधारलेला आलेख स्लाइडवर घाल आणि आपणहून सांग: 'सर, थिसिसमध्ये एन नऊ लिहिला गेला, तो तीन हवा. आलेख दुरुस्त केला आहे, निष्कर्ष तोच राहतो.' आता परत बघ: अ‍ॅक्टिनच्या भांडणातला 2.8 हा आकडाही याच पट्ट्याच्या आत बसतो. ज्या अर्ध्या सायकलमुळे तुला झोप येत नाही, ती तीन रोपांतल्या आपसातल्या फरकापुढे फार मोठी नाही. तरी दुसरा रेफरन्स चालवच, कारण रोपं वाढवली की पट्टा आखडतो, मोजपट्टी एका बाजूला सरकलेली असेल तर ती कितीही रोपं घेतली तरी सरकलेलीच राहते.

'नो-आरटी नाही, मग हा सिग्नल डीएनएचा नाही कशावरून?' 'डीएनएज दिला होता' हे अर्धंच उत्तर आहे. दिला, पण काम झालं का? प्रायमर कुठे बसतात ते बघून ठेव. दोन एक्झॉनच्या सांध्यावर बसत असतील, किंवा मध्ये मोठा इंट्रॉन असेल, तर जीनोमिक डीएनएवरून ते प्रॉडक्ट येणार नाही किंवा बरंच लांब येईल, आणि तुझ्या मेल्ट कर्व्हवरचं एकच शिखर त्याला दुजोरा देतं. पण हे सगळं बोलण्यापेक्षा उणे 80 मधला उरलेला आरएनए बाहेर काढ आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घालता सहा नळ्या लाव. एका दुपारचं काम. नो-आरटीचा सीटी 33 च्या पुढे आला तर 26 पासून सात सायकल लांब, म्हणजे सिग्नलचा 128 वा भाग, एक टक्क्याच्याही आत. तो 28 आला तर मात्र पाव सिग्नल डीएनएचा आहे, आणि ते एक्स्टर्नलच्या आधी तुला कळलेलं बरं. थिसिस जमा झाल्यावर केलेला रन दाखवायला लाजायचं कारण नाही, फक्त तारीख खरी सांग.

जेलचा फोटोही विचारतील. 'पानाच्या आरएनएत हे जास्तीचे बँड कसले?' हा प्रश्न मला माझ्या स्वतःच्या व्हायवात आला होता. मी छाती पुढे काढून 'डीएनए कंटॅमिनेशन' म्हणाले. परीक्षक शांतपणे म्हणाले, 'डीएनए वेलच्या जवळ अडकतो, हे तर खाली आहेत.' पुढची दहा मिनिटं मला काहीच आठवेना. ते बँड क्लोरोप्लास्टच्या 23एस आणि 16एस आरएनएचे असतात. पानांत क्लोरोप्लास्ट भरपूर, म्हणून पानांत दिसतात, मुळांत नाही. आणि वरच्या मुख्य बँडला तू '28एस' लिहिलंयस, वनस्पतीत तो 25एस असतो. तेवढं लेबल बदल.

त्याच पानावर दोन नमुन्यांचं 260/230 प्रमाण 1.3 आहे, आणि दोन्ही मिठाचे. 260/280 चं प्रमाण 2 च्या आसपास आहे म्हणून तू निश्चिंत राहिलीस, पण ते प्रथिनांबद्दल सांगतं. 260/230 खाली गेलं की ग्वानिडिन, फिनॉल किंवा पानातल्या शर्करा सोबत आल्या असाव्यात. यातलं काही रिअ‍ॅक्शन अडवत होतं का, हे एका डायल्यूशनने कळतं. तोच सीडीएनए दहापट पातळ करून चालव. सीटी 3.3 ने वाढायला हवा. दोन-अडीचनेच वाढला तर पातळ केल्यावर अडथळा सुटलाय, म्हणजे अडथळा होता. हे अ‍ॅक्टिनच्या गोष्टीशीही जोडून बघ. अडथळा असेल तर अर्ध्या सायकलचा उलगडा कदाचित इथेच होईल.

शेवटचा प्रश्न जीवशास्त्राचा, आणि तो ते चहा येता येता अगदी सहज विचारतील: 'म्हणजे एनएचएक्स1 मुळे पनवेल-3 खारपटात टिकतं, असंच ना?' पनवेल-3 हे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातलं वाण, ते टिकतं हे माहीतच आहे, त्यामुळे 'हो सर' म्हणण्याचा मोह होईल. पण तू काय मोजलंस? एका वाणात, एका वेळी, एका जीनचा एमआरएनए. मिठाला न टिकणारं आयआर-29 सारखं वाण शेजारी ठेवलं नाहीस, त्यामुळे ही वाढ टिकणाऱ्या वाणाचीच खासियत आहे की कुठलंही भात मीठ लागल्यावर असंच करतं, हे तुझ्या कामातून कळत नाही. एमआरएनए वाढला म्हणजे प्रथिन वाढलं, आणि प्रथिन वाढलं म्हणजे सोडियम रिक्तिकेत ढकललं गेलं, या दोन्ही पायऱ्या तू मोजलेल्या नाहीत. शिवाय 150 मिलिमोलर मीठ रोपाला दोन त्रास एकदम देतं: सोडियमचा आणि पाणी ओढून घेण्याचा. तेवढाच ऑस्मोटिक ताण मॅनिटॉलने देऊन एनएचएक्स1 बघितलं असतं तर दोन्ही वेगळे करता आले असते.

तर उत्तर: 'नाही सर. पनवेल-3 मध्ये 24 तासांच्या मिठाच्या ताणानंतर एनएचएक्स1 चा संदेश वाढतो, एवढंच मी दाखवलं आहे. तो रिक्तिकेत सोडियम साठवण्याच्या कामाशी सुसंगत आहे, पण टिकण्याचं कारण तेच आहे असं मी म्हणू शकत नाही. पुढे करायचं झालं तर आधी आयआर-29 सोबत घेईन आणि पानांतलं सोडियम-पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर मोजीन.' हे मोजणं बहुतेक कॉलेजांत होतं, म्हणून 'क्रिस्परने जीन काढून बघीन' यापेक्षा हे जास्त पटतं. तुझ्या निष्कर्षाच्या शेवटच्या परिच्छेदात 'सिद्ध झाले' असा शब्द आहे. स्लाइडवर तरी तो 'आढळले' कर.

व्हायवा बहुधा इंग्रजीत होईल. ही उत्तरं आधी मराठीत मैत्रिणीला समजावून सांग, तिला कळली की इंग्रजीत मांड. सोबत रोपवार सीटीचा पूर्ण तक्ता छापून ने, सरासरीचा नाही, आणि टेबलावर समोर ठेव.

दुसरा रेफरन्स, नो-आरटी आणि डायल्यूशन हे तिन्ही एकाच 96 वेलींच्या प्लेटवर बसतात, मी मोजून बघितलं. मशीनची पाळी उद्याच लावून घे, व्हायवाच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांनाच ती हवी असते. आणि नुसत्या पाण्याच्या तीन वेल ठेवायला विसरू नकोस.